सूर्य येईपर्यंतचं निवेदन

आमच्या घरात निवेदनाची वाटणी ठरलेली होती. लिहायचं मी आणि बोलायचं ह्यांनी. रंकाळ्याच्या बाजूला आमची कॉलनी आहे, तिथल्या पटांगणावर दर दिवाळी पाडव्याला पहाटे गाण्यांचा कार्यक्रम होतो. मी हायस्कुलात मराठी शिकवायचे, म्हणून संहिता माझ्याकडे आली. हे बसस्थानकावर नियंत्रक होते, गाड्यांच्या सूचना देण्यात ह्यांची हयात गेली, म्हणून माईक ह्यांच्याकडे गेला. आवाज असा, की फलाटावर झोपलेला माणूस दचकून उठायचा आणि आधी आपली पिशवी चाचपायचा. आता आम्ही दोघंही निवृत्त आहोत.

वाटणी ठरलेली असली तरी ह्यांनी ती कधी पाळली नाही. मी चार वाक्यं लिहून द्यावीत आणि ह्यांनी शेपूट लावून त्यांची दहा करावीत, असं वर्षानुवर्षं चाललं. गायिका तानपुरा लावून बसली आहे, तबलजी हातोडी खाली ठेवून वाट बघतोय, आणि हे सांगताहेत की ह्यांच्या लहानपणी गल्लीत वासुदेव यायचा तो पाटलांच्या दारात आधी जायचा की तेल्याच्या. मी रंगमंचाच्या कडेला उभी राहून डोळे वटारायचे, आणि हे मुद्दाम दुसरीकडे बघायचे. घरी आल्यावर भांडण ठरलेलं. तुम्ही माझी वाक्यं नासवलीत, असं मी म्हणायचे. तुझी वाक्यं शाळेच्या फळ्यासारखी कोरडी असतात, असं हे म्हणायचे. दुसऱ्या दिवशी भाऊबीजेला माझा भाऊ आला की त्याच्यासमोर तेच भांडण पुढे चालू व्हायचं. तो बिचारा करंजी खात दोघांकडे बघत बसायचा.

गेल्या होळीच्या सुमारास ह्यांना झटका आला. उजवा हात आणि जीभ, दोन्ही जड झाली. हात हळूहळू बऱ्यापैकी चालायला लागला. बोलणंही आलं, पण सावकाश. चार शब्द झाले की दम घ्यायचा, पुन्हा चार शब्द. जोडाक्षर आलं की जीभ अडखळायची. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा, माणसांत जा, तोच व्यायाम. हे मात्र माणसांत जाईनात. बेल वाजली की उठून आतल्या खोलीत. फोन आला की तो माझ्या हातात.

आणि माझ्याशी बोलायचे ते एवढंच, 'बरं'. चहा ठेवू का? बरं. आज फिरायला नको, आभाळ आहे. बरं. एकदा मी आमटीत मीठ घालायला विसरले, तर तीही मुकाट्याने खाल्ली. जो माणूस आमटीत गुळाचा खडा कमी पडला तर वाटी माझ्यापुढे सरकवायचा, त्याने त्या दिवशी वाटी पुसून खाल्ली. शेजारच्या बायका म्हणायच्या, किती शांत झालेत हो तुमचे हे. मला त्या शांतपणाची भीती वाटत होती. मला माझा भांडखोर नवरा परत हवा होता, पण ही काय कुणाला सांगायची गोष्ट आहे?

गणपती उठले आणि मंडळाचे अध्यक्ष घरी आले. ते मूळचे कोडोलीचे, आता इथे दुधाचा मोठा धंदा करतात. कॉलनीतले सगळे त्यांना वचकून असतात, पण ते आठवीत माझ्या वर्गात होते, त्यामुळे मी वचकत नाही. खुर्चीच्या कडेवर बसून ते म्हणाले, "बाई, राग मानू नका. औंदा निवेदनाला एक पोरगी बघितलीया. रेडिओवर बोलती. साहेबांना कशाला दगदग?"

मी राग मानला. चांगला मानला. इतक्या वर्षांत एकदा कधी ह्यांच्यामुळे कार्यक्रम बिघडला का, असं मी विचारलं. झेंडूच्या माळांपासून सतरंज्यांपर्यंत कोणकोणत्या वर्षी काय काय बिघडलं होतं ते सगळं ऐकवलं. अध्यक्ष म्हणाले, "मला काय हौस हाय व्हय, बाई? पर समोर सगळी कॉलनी असती. तिथं साहेब अडकलं, तर आमचं काय न्हाय, त्यांच्याच मनाला लागंल की. मग ते घरातनं भाईर तरी पडतील का?"

ते बरोबर बोलत होते, आणि माझ्या मनातली भीतीच बोलत होते. पण उलटी भीतीही तेवढीच होती. ह्या वर्षी माईक दुसऱ्याच्या हातात गेला, तर ह्यांच्या तोंडून 'बरं'च्या पुढे काही येणार नाही. मी म्हटलं, त्या मुलीला पहिल्या रांगेत बसवा, संहितेची एक प्रत तिच्याकडे द्या. हे अडकले तर तिने उठून पुढचं घ्यावं. अध्यक्ष कबूल झाले. तेवढ्यात हे आतल्या दारात येऊन उभे राहिलेले दिसले, सगळं ऐकलं असणार. मी विचारलं, "करणार ना निवेदन?"

"बरं," हे म्हणाले.

ते हो होतं की बिनमिठाच्या आमटीतलं 'बरं' होतं, मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी संहितेला बसले. पहाटेच्या कार्यक्रमाचं निवेदन लिहिणं म्हणजे सुंदर सुंदर वाक्यं लिहिणं, असं लोकांना वाटतं. खरं तर ते गाड्यांच्या वेळापत्रकासारखं असतं, आणि हे मला ह्यांनीच शिकवलं होतं. शेवट आधी धरायचा आणि मागे मागे यायचं. आमच्या कार्यक्रमात शेवट म्हणजे भैरवी नव्हे, सूर्य. भैरवी थोडी मागेपुढे झाली तर चालते. सूर्य कुणासाठी थांबत नाही. त्याच्या आधी अंधारातली गाणी बसवायची, म्हणजे नांदी, गणेशवंदना, भूपाळी आणि मग ललत. ललत उजाडायच्या आधीचा राग, तो उन्हात गायला तर शिळ्या भाकरीसारखा लागतो. त्यानंतर सूर्याच्या स्वागताचं पद. सत्कार, आभार, देणगीदारांची नावं, हे सगळं सूर्याच्या नंतर. पाहुण्यांना नारळ आणि फेटा पहाटे साडेपाचला दिला, तर ललत बोंबललाच म्हणून समजा.

आमची गायिका कुरुंदवाडची, तिथे संगीत शिकवते. तिच्या दोन अटी असायच्या. ललत सूर्याच्या आधी संपला पाहिजे, आणि स्वागताचं पद ती ऊन रंगमंचावर आल्याशिवाय उचलणार नाही. आमचा रंगमंच पूर्वेकडे तोंड करून असतो. लोकांच्या पाठीमागून सूर्य येतो, पहिलं ऊन रंगमंचाच्या कमानीवरच्या झेंडूवर पडतं, मग खाली उतरत उतरत गाणाऱ्यांच्या तोंडावर येतं. ते तोंडावर आलं की ती डोळे मिटून षड्ज लावते. हे पाहायला लोक आंघोळी उरकून, पोरांना उचलून, पहाटे पाचला येऊन बसतात.

प्रस्तावना किती लांब असावी, ह्याचा आमचा एकच नियम होता. तबला जुळायला जेवढा वेळ लागतो तेवढी. गाण्याचे शब्द निवेदकाने आधी सांगून टाकायचे नाहीत, रागाचा पाठ द्यायचा नाही. टाळ्या ओसरू लागल्या की पहिला शब्द टाकायचा, पूर्ण थांबू द्यायच्या नाहीत, नाहीतर लोक खोकायला लागतात. शेवटचा शब्द असा असावा की तो ऐकून पेटीवाल्याने सूर धरावा. पेटीवर आमचे चाचा असतात. शिवणकाम करणाऱ्या घरातले, दुकान आता मुलगा बघतो. त्यांना मी प्रत्येक प्रस्तावनेचा शेवटचा शब्द आधी सांगून ठेवते.

ह्या वेळी मात्र सगळं निम्म्यावर आणायचं होतं. आधी ह्यांना एका मिनिटात शंभर-सव्वाशे शब्द सहज व्हायचे, आता पन्नास. म्हणून मी एकेक ओळ चार शब्दांची केली. एक ओळ, एक दम. जिथे जीभ अडते ते शब्द काढले. 'प्रारंभ' काढून 'सुरुवात' घातलं, 'सूर्योदय' काढून 'दिवस उगवला'. गणेशवंदनेला तीन ओळी, भूपाळीला चार. पुठ्ठ्याच्या कार्डांवर बोटाएवढी अक्षरं काढली, म्हणजे डाव्या हातात धरता येतील आणि वाऱ्याने उडणार नाहीत. दरवर्षी मी एक जादा कार्ड लिहून कमरेला खोचून ठेवायचे, काही अडलं तर निवेदकाने भरायला. ह्या वर्षी म्हटलं, कशाला ह्यांच्यावर बोजा, आणि ते लिहिलं नाही.

रोज दुपारी चाचा यायचे. हे वाचायचे, चाचा शेवटच्या शब्दाला सूर धरायचे, मी मोबाईलवर वेळ लावायचे. हे जसं लिहिलंय तसंच वाचायचे, शेपूट नाही, तक्रार नाही. मी मुद्दाम ललतच्या कार्डावर एक अगदी पुचाट वाक्य लिहून बघितलं, 'पहाट ही फार रम्य असते' अशा थाटाचं. वाटलं, आता तरी चिडतील. हे ते शांतपणे वाचून मोकळे झाले. चाचांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी ते वाक्य नंतर बदललं नाही, रागाने तसंच ठेवलं.

सूर्याची वेळ ठरवायला आम्ही दसऱ्याच्या पहाटे पटांगणावर गेलो. कॅलेंडरमधली वेळ क्षितिजाची असते. आमच्या पटांगणाला क्षितिज कुठलं, समोर घरं आहेत. हे खांद्यावर टॉवेल टाकून रंगमंचाच्या जागी खुर्चीवर बसले, मी मोबाईल घेऊन शेजारी. समोरची ह्या वर्षीच पुरी झालेली चार मजली इमारत आणि तिच्या डाव्या अंगाचा बंगला, ह्यांच्यामधल्या फटीतून सूर्य वर आला आणि ह्यांच्या कपाळावर ऊन पडलं. कॅलेंडरपेक्षा आठ मिनिटं उशीर. ह्यांनी डाव्या हाताची बोटं दोनदा उघडून आठ दाखवले, आधी पाच, मग तीन. पाडव्याची कॅलेंडरची वेळ घ्यायची, त्यात आठ मिळवायची, असं ठरलं. नियंत्रकाचा हिशेब, त्यात चूक कशी असेल?

पाडव्याला आम्ही तीनला उठलो. ह्यांना तेल लावलं, उटणं लावलं, आंघोळ घातली, रेशमी पांढरा शर्ट घातला. ह्यांचे हात गार होते. मी म्हटलं, अजून नको म्हणालात तरी चालेल. ह्यांनी कार्डं उचलली आणि चपला शोधायला लागले.

पटांगणावर पणत्या लागल्या होत्या, आकाशकंदील लटकत होते. ती रेडिओवाली मुलगी पहिल्या रांगेत मोतिया रंगाची साडी नेसून बसली होती, मांडीवर माझ्या संहितेची प्रत. तिने उठून ह्यांना वाकून नमस्कार केला. मला तिचा राग करायचा होता, तो करता येईना.

हे माईकपाशी उभे राहिले आणि पहिली ओळ वाचली. आवाज पूर्वीचा नव्हता, पण फाटलाही नाही. चार शब्द, दम, चार शब्द, दम. तीन ओळी झाल्या, तबला जुळलेला होता, चाचांनी सूर धरला. मी रंगमंचाच्या कडेला बांबूला धरून उभी होते, माझे हात सुटले तेव्हा तळव्याला बांबूचे वळ उठलेले होते.

नांदी, वंदना, भूपाळी वेळेवर. ललतच्या आधी हे खालच्या आवाजात बोलले, जसं मी समासात लिहिलं होतं. पुचाट वाक्यावर जरा थांबले, मग वाचलं. ललत चालू असताना आभाळ राखेच्या रंगाचं झालं, मग निळसर. आधी आकाशकंदिलांचा उजेड फिका पडला, मग पणत्यांचा. गायिकेने ललत संपवला तेव्हा ठरलेल्या वेळेला दोन मिनिटं बाकी होती. इतका घट्ट बसलेला कार्यक्रम आमच्या कॉलनीत कधी झाला नव्हता. अध्यक्षांनी लांबून मला अंगठा दाखवला.

टाळ्या ओसरू लागल्या, ह्यांनी शेवटचं कार्ड वर धरलं. त्यावर चारच ओळी होत्या. त्या म्हटल्या. सगळे दिवे मालवा, असं शेवटी होतं. लाईटवाल्याने खटका ओढला. रंगमंचावरचे सगळे दिवे गेले. चाचांनी सूर धरला. गायिका समोर बघत बसली.

ऊन आलं नाही.

आभाळ स्वच्छ उजळलेलं, कावळे ओरडताहेत, आणि रंगमंच मात्र मातकट सावलीत. मी वळून समोर पाहिलं. बंगला आणि इमारतीमधली ती फट उजळून निघाली होती, पण तिथे सूर्य नव्हता. तो उजवीकडे सरकला होता आणि बरोबर चार मजली इमारतीच्या मागे वर चढत होता. तिच्या गच्चीच्या कठड्याला कडेने पिवळी रेघ फुटली होती. माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. दसरा ते पाडवा, वीस-एकवीस दिवस. ह्या दिवसांत सूर्य रोज थोडा थोडा दक्षिणेला सरकतो, हे मुलांना भूगोलाच्या बाई शिकवायच्या आणि मी शेजारच्या वर्गात व्याकरण घेत असायचे. आम्ही फक्त मिनिटं मोजली होती, जागा मोजलीच नव्हती. इमारत ओलांडून ऊन यायला अजून पाव तास तरी लागणार होता.

गायिका पद उचलणार नव्हती. चाचांचा सूर नुसता लांबत होता. लोक मागे वळून बघायला लागले, एक लहान मूल विचारू लागलं की सूर्य कुठे आहे. ह्यांच्या हातातली कार्डं संपली होती. जादा कार्ड मी लिहिलेलं नव्हतं. मी बघितलं, ह्यांचे ओठ हलले आणि काही आलं नाही. पुन्हा हलले. पहिल्या रांगेतली ती मुलगी पदर सावरून उठली. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान हलवणार होते. खरंच हलवणार होते.

तेवढ्यात ह्यांनी डावा तळहात तिच्याकडे करून तिला थांबवलं. माईक तोंडाजवळ ओढला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे," हे म्हणाले. "पूर्वेकडून येणारी गाडी, अपरिहार्य कारणामुळे, पंधरा मिनिटे उशिरा धावत आहे. प्रवाशांनी आपापल्या जागा सोडू नयेत."

सलग, एका दमात, 'प्रवासी' आणि 'अपरिहार्य' ह्यांच्यासकट. तोच सूर, शेवटच्या शब्दाला तोच उतार. चाळीस वर्षं रोज म्हटलेलं ते वाक्य जिभेच्या कुठल्या कोपऱ्यात बसून राहिलं होतं कोण जाणे. पटांगणात जे हसू फुटलं ते मागच्या खुर्च्यांपर्यंत गेलं. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, त्यामुळे मला समोरचं धड दिसत नव्हतं.

मग हे आपल्या नेहमीच्या, म्हणजे आत्ताच्या, सावकाश बोलण्यावर आले. चूक कशी झाली ते लोकांना सांगायला लागले. चार शब्द, दम. "दसऱ्याला बघून गेलतो. तवा सूर्य तिकडं हुता." फटीकडे बोट. "आता हिकडं सरकलाय. आमच्या मास्तरीणबाईंनी... घड्याळ बघितलं. सूर्याकडं कोण बघतंय?" लोक पुन्हा हसले. माझी जाहीर बदनामी चालली होती आणि मी बांबूला टेकून रडत हसत होते. मग ह्यांनी त्या इमारतीत कोण कोण राहतं ते विचारलं, आणि दुसऱ्या मजल्यावरचे एक काका हात वर करून उभे राहिले. गच्ची जरा खाली घेता येईल का, असं ह्यांनी त्यांना विचारलं. दोन-तीन जागी हे अडखळले. एका शब्दावर तर बराच वेळ अडले, लोक थांबले, शब्द आला, हे पुढे गेले.

किती बोलायचं आणि कुठे थांबायचं, हे मात्र ह्यांना नेमकं कळलं. पाच-सहा मिनिटं झाली असतील, मग गायिकेकडे वळून म्हणाले, "ताई, ऊन येईस्तवर... जात्यावरची ओवी हुईल का?" ती हसली. तबला नको म्हणाली, नुसता चाचांचा सूर. ओवीला ऊन-सावलीचं बंधन नसतं, जातं कधीही फिरतं. ती गात असताना पाठीमागच्या बायकांनी पालुपद धरलं. मी आमच्या संहितेत ह्यातलं काहीही लिहिलं नव्हतं.

ओवी संपता संपता कमानीवरच्या झेंडूला ऊन लागलं. मग पडद्याच्या वरच्या कडेला, मग चाचांच्या टोपीला. हे उन्हाकडे बघत उभे होते. मला वाटलं, आता काहीतरी सांगतील. हे माईकला नुसता हात लावून एक पाऊल मागे सरले. ऊन गायिकेच्या कपाळावरून डोळ्यांवर उतरलं, तिने डोळे मिटले आणि षड्ज लावला.

नंतरचं सगळं ठरल्याप्रमाणे झालं. सत्कार झाले, देणगीदारांची नावं त्या मुलीने वाचली, कारण त्यात जोडाक्षरं फार होती आणि ह्यांनीच तिला वर बोलावलं. अध्यक्ष माझ्यापाशी आले, काहीतरी बोलणार होते, पण नाक पुसून सरबताचे ग्लास मोजायला निघून गेले. मला वाटलं, आता लगेच घरी न्यावं, दमले असतील. तर हे पटांगणावर माणसांत उभे. दुसऱ्या मजल्यावरचे काका, चाचा, कुणाची तरी सून, सगळ्यांना तेच चार-चार शब्दांनी सांगताहेत. मी चकलीच्या डब्याची पिशवी घेऊन अर्धा तास उभी होते. एरवी मी केव्हाच हाक मारली असती.

घरी आल्यावर पाट मांडला, रांगोळी काढली, निरांजन लावलं. पाडवा होता, ह्यांना ओवाळायचं होतं. कुंकू लावलं, सुपारी फिरवली. मी ताट हातात घेऊन ओवाळत होते आणि हे माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत होते. मला वाटलं, दमले.

"त्या ललतच्या कार्डावरचं वाक्य," हे म्हणाले, "भिकार होतं."

माझा हात थांबला.

"पहाट रम्य असते म्हणं." दम घेतला. "रम्य असते तर... पाच वाजता उठून... कोण येतंय का? थंडीनं बोटं... गार पडत्यात. ते लिहायचं. आणि सगळ्या ओळी... चार-चार शब्दांच्या. मी काय... अंकलिपी वाचणारं पोरगं हाय?" पुन्हा दम. "आणि जादा कार्ड कुठं हुतं? लिहिलंच नाहीस. पुढल्या वर्षी... मी सांगीन तसं लिहायचं."

एकेक वाक्य पुरं व्हायला वेळ लागत होता. मी ताट हातात तसंच धरून ऐकत होते, निरांजनाचं तूप एका बाजूला कलंडलं होतं. मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, कुठलाही शब्द ह्यांच्या तोंडात घालून दिला नाही. ह्यांचं सगळं बोलून झालं, तेव्हा मी ताट खाली ठेवलं, पदर खोचला आणि माझं सुरू केलं.